अरबी बोलीपटाला इंग्रजी सबटायटल: दारातल्या पाच ओळी कशा बसवायच्या

अरबी सिनेमातला माणूस दारात आलेल्या पाहुण्याशी बोलायला लागला की चार सेकंदांत तो देवाचे आभार मानतो, शपथ घेतो, दोनदा माया व्यक्त करतो आणि वर एक प्रश्न विचारून मोकळा होतो. पडद्यावर मात्र तुमच्या हातात दोन ओळी असतात, आणि त्याही पूर्ण भरता येतीलच असं नाही. नवखा अनुवादक अशा वेळी आधी सगळं इंग्रजीत करतो आणि मग जागा पुरत नाही म्हणून शब्द छाटत बसतो. हा क्रम उलटा करायला हवा. आधी वेळ मोजायची, मग या वाक्यानं प्रसंगात काय घडतं ते ठरवायचं आणि शेवटी शब्द शोधायचे. हा क्रम समजावा म्हणून मी इथे इजिप्शियन बोलीतला एकच छोटा प्रसंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवून दाखवते. प्रसंग सरावासाठी मीच रचला आहे, पण यातलं प्रत्येक वाक्य कैरोच्या कुठल्याही घरात ऐकू येईल असं आहे.

आधी बोली कोणती ते ठरवा

अरबी ही सिनेमात एक भाषा नसते. बातम्यांत आणि पुस्तकांत वापरली जाणारी प्रमाण अरबी, म्हणजे फुस्हा, घरगुती संवादांत जवळजवळ कुणीच बोलत नाही. पात्रं इजिप्तची, शाम प्रदेशाची म्हणजे सीरिया-लेबनॉनकडची, आखातातली किंवा मोरोक्को-अल्जेरियाकडची बोली बोलतात, आणि एकच शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांचा निघतो. इजिप्तमध्ये ‘माशी’ म्हणजे ‘ठीक आहे’, पण मोरोक्कोत तोच शब्द ‘नाही’ या अर्थानं वाक्यात येतो. ‘ऐश’ इजिप्तमध्ये भाकरी-पाव, तर आखातात भात. जी बोली तुमच्या कानाला सरावाची नाही तिचं काम एकट्यानं घेऊ नका, त्या बोलीचा जाणकार सोबत ठेवा.

निर्मात्याकडून कधी कधी संवादांची यादी मिळते. तिचा उपयोग करा, पण विश्वास कानावरच ठेवा. यादी बहुधा पटकथेवरून केलेली असते, नटांनी चित्रीकरणाच्या वेळी बदललेलं तिच्यात नसतं. काही वेळा टंकणाऱ्यानं बोलीचं वाक्य परस्पर प्रमाण अरबीत ‘सुधारून’ टाकलेलं असतं. इजिप्शियन बोलीत नकार ‘मा’ आणि ‘श’ यांच्यामध्ये क्रियापद अडकवून होतो. बोलण्याच्या घाईत तो शेवटचा ‘श’ जेमतेम ऐकू येतो आणि यादीतून निसटलेला असला तर अर्थ थेट उलटा होतो. म्हणून प्रत्येक नकारार्थी वाक्य यादी बाजूला ठेवून एकदा नुसतं ऐका.

काम सुरू करण्याआधी सिनेमा सलग एकदा पाहा, काही न लिहिता. पुढे कुठलं वाक्य कुठे परत येणार आहे, कोण कुणापासून काय लपवतं आहे हे माहीत नसताना केलेली काटछाट हमखास नको तिथे होते.

वेळेचं बजेट

सबटायटलचे नियम कामागणिक बदलतात, म्हणून काम देणाऱ्याकडून त्यांची नियमावली आधी मागून घ्या. साधारणपणे एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, एका ओळीत ३७ ते ४२ अक्षरं आणि प्रेक्षकाच्या वाचनाचा वेग सेकंदाला १२ ते २० अक्षरं, अशा मर्यादा असतात. एक सबटायटल पडद्यावर किमान सुमारे पाऊण ते एक सेकंद राहतं आणि सात सेकंदांहून जास्त ठेवत नाहीत. लागोपाठच्या दोन सबटायटल्समध्ये निदान दोन फ्रेम रिकाम्या सोडतात. ती पापणी लवण्याएवढी मोकळी जागा नसेल तर मजकूर बदलला हे डोळ्याला कळतच नाही.

या लेखात मी ओळीला ४२ आणि सेकंदाला १७ अक्षरं धरली आहेत. शब्दांमधली रिकामी जागा आणि विरामचिन्हंही मोजणीत येतात. हिशेब एवढाच:

```
seconds x 17 = characters
4.2 x 17 = 71
```

सबटायटल एडिट आणि एजिसब ही दोन्ही मोफत साधनं हा वेग प्रत्येक ओळीशेजारी आकड्यात दाखवतात आणि मर्यादा ओलांडली की रंग बदलतात. तरी सुरुवातीचे काही दिवस हातानं गुणाकार करा. पुढे कान वाक्य ऐकतानाच ‘हे साधारण तीस अक्षरांचं आहे’ असं सांगायला लागतो, आणि कामाचा खरा वेग तिथूनच येतो.

वेळा लावताना सबटायटल पहिल्या उच्चारासोबत आणा. जायची वेळ मात्र थोडी सैल ठेवता येते. बोलणं संपल्यावर शांतता असेल तर अर्धा सेकंद वाढवून घ्या, त्यातून आठ-नऊ अक्षरं पदरात पडतात. याला मर्यादा एकच, पुढचा कट. दृश्य बदलल्यावरही जुनी ओळ क्षणभर रेंगाळली तर प्रेक्षकाची नजर तीच ओळ नव्यानं वाचायला जाते. म्हणून कट जवळ असेल तर त्याच्या दोन फ्रेम आधी ओळ काढून घ्या.

प्रसंग

करीम तीन वर्षांनी परदेशातून घरी आला आहे. तो कर्जात बुडाला आहे आणि हे घरात कुणाला माहीत नाही. आई दार उघडते, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरते आणि म्हणते:

‘हम्दिल्ला अस्सलामा या हबीबी! वहश्तिनी, वल्लाही वहश्तिनी. इन्ता खस्सेत किदा लेह? मा बताकुल्श?’

शब्दशः पाहिलं तर ती म्हणते, सुखरूप आलास, देवाची कृपा, बाळा. तुझी आठवण आली, देवाशप्पथ आठवण आली. तू असा का वाळलास. जेवत नाहीस का? मधल्या ‘वहश्तिनी’कडे जरा थांबून पाहा. मराठीत ‘मला तुझी आठवण आली’ म्हणतो, इंग्रजीत आठवण काढणारा कर्ता होतो, पण अरबीत ज्याची आठवण आली तोच कर्ता असतो: ‘तू मला एकटं पाडलंस’ असा त्या क्रियापदाचा घाट आहे. नवखे लोक इथे ‘तुला माझी आठवण आली का’ असा उलटा अर्थ लावताना मी पाहिले आहेत.

आता हेच सगळं इंग्रजीत उतरवलं तर असं होतं:

```
Thank God for your safe return, my dear!
I missed you, by God I missed you.
Why have you gotten so thin?
Don't you eat?
```

ही ११६ अक्षरं झाली. आई बोलते ३.७ सेकंद, पुढची शांतता धरून आपल्याला ४.२ सेकंद मिळतात. बजेट ७१ चं, म्हणजे जवळजवळ चाळीस टक्के मजकूर जायला हवा. दोन सबटायटल्समध्ये तोडून काही उपयोग नाही, कारण एकूण वेळ तेवढाच राहतो.

इथे शब्द मोजू नका, कृती मोजा. आई चार गोष्टी करते आहे: स्वागत, माया, तो वाळल्याचं पाहून धसका आणि आईचं रागावणं. या चारही गोष्टी राहिल्या पाहिजेत, कारण तिचा सूर चार वेळा बदलतो आणि प्रेक्षकाला तो ऐकू येतो. जाऊ शकतं ते हे: देवाचं नाव, कारण ‘हम्दिल्ला अस्सलामा’ हे प्रवासातून आलेल्या कुणालाही म्हणायचं ठरलेलं वाक्य आहे. शपथ, कारण तिच्यावर कुणी शंका घेतलेली नाही, ‘वल्लाही’ इथे फक्त भावनेला जोर देतं. दोनदा म्हटलेलं एकदा पुरेल, दुसरी वेळ नटीच्या आवाजात आहेच. आणि ‘का’ हा प्रश्नशब्द, कारण तिला कारण नको आहे, ती हळहळते आहे.

```
41
00:12:04,200 --> 00:12:08,400
Welcome home, dear. I missed you so.
You're so thin! Don't you eat?
```

पहिली ओळ ३६, दुसरी ३०, एकूण ६६ अक्षरं, सेकंदाला जेमतेम सोळा. ओळ कुठे तोडली तेही पाहा. वरच्या ओळीत माया संपते, खालच्या ओळीत काळजी सुरू होते, आणि नटीच्या चेहऱ्यावरचा बदलही तिथेच आहे. ओळ नेहमी अर्थाच्या सांध्यावर तोडावी. जागा भरली म्हणून विशेषण वर आणि त्याचं नाम खाली असं केलं की वाचकाचा डोळा अडखळतो.

करीमचं उत्तर येतं: ‘अल्ला यसल्लिमिक या मामा.’ हे ‘हम्दिल्ला अस्सलामा’चं ठरलेलं प्रत्युत्तर आहे, ‘देव तुला सुखरूप ठेवो’. अरबी बोलण्यात अशा जोड्या पुष्कळ आहेत. एकानं हे म्हटलं की दुसऱ्यानं ते म्हणायचंच, आणि इंग्रजीत त्यातल्या बहुतेकांना जोडी नाही. वेळ आहे १.३ सेकंद, म्हणजे २२ अक्षरं. इथे एक मोहात पाडणारी ओळ सहज सुचते:

```
I missed you too, Mom.
```

बरोबर २२ अक्षरं, कानाला गोड, आणि चूक. आईनं आठवण आल्याचं दोनदा सांगितलं आणि करीमनं फक्त शिष्टाचाराचं उत्तर दिलं. त्यानं काय म्हटलं नाही यातच प्रसंग आहे. पाहणाऱ्या अरबी माणसाला ते रितेपण कळतं, इंग्रजी वाचणाऱ्यालाही कळायला हवं.

```
42
00:12:08,900 --> 00:12:10,200
Thank you, Mama.
```

सोळा अक्षरं. इथे जागा शिल्लक राहिली तरी ती भरायची नाही. आणि ‘मॉम’ऐवजी ‘मामा’ ठेवलं, कारण तो शब्द प्रेक्षकाच्या कानावर स्पष्ट पडतो. ऐकलेलं आणि वाचलेलं जुळलं की सबटायटलवर विश्वास बसतो. नावांच्या बाबतीत तर हे फारच खरं आहे. पात्रानं ‘करीम’ म्हणून हाक मारली आणि खाली नाव दिसलं नाही तर अरबी न येणाऱ्यालाही काहीतरी गाळलं आहे असं वाटतं.

मग आतल्या खोलीतून वडील विचारतात: ‘इन्ता गय्य तुअ्उद वल्ला गय्य व रागिअ?’ राहायला आलास की येऊन परत जाणार? यातला ‘वल्ला’ म्हणजे ‘की, किंवा’. शपथेचा ‘वल्लाही’ वेगळा. शाम प्रदेशात आणि आखातात शपथही ‘वल्ला’ अशीच आखूड म्हणतात, त्यामुळे बोली न ओळखता काम करणारा इथे वडिलांच्या तोंडी शपथ घालून मोकळा होतो. वेळ १.८ सेकंद, बजेट ३०.

```
43
00:12:12,000 --> 00:12:13,800
Are you staying or going back?
```

अक्षरं बरोबर ३०. अरबीत ‘आलास’ दोनदा आहे, इंग्रजीत एकदाही नाही, तरी प्रश्न पूर्ण आहे.

करीम जरा थांबतो आणि म्हणतो, ‘रब्बिना यसह्हिल.’ शब्दशः, आपला प्रभू सोपं करो. आणि वडील क्षणभरानं म्हणतात, ‘यअनी लअ.’ शब्दशः, म्हणजे नाही.

या दोन ओळी सगळ्या प्रसंगाचा कणा आहेत. कामाला लागले त्या पहिल्या वर्षात असाच एक संवाद मी देवाचं नाव राखून, आशीर्वादासारखा इंग्रजीत केला होता. तो पाहणाऱ्या एका बाईंनी मला विचारलं, मुलगा प्रार्थना करतोय आणि बाप त्याच्यावर चिडतो का? त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण दोष माझ्या ओळीत होता. ‘रब्बिना यसह्हिल’ ऐकणारा माणूस त्यात प्रार्थना ऐकत नाही, टाळाटाळ ऐकतो. बोलणाऱ्याला हो म्हणायचं नाही आणि तोंडावर नाही म्हणवत नाही, तेव्हा हे वाक्य येतं. तसं पाहिलं तर वडिलांचं ‘म्हणजे नाही’ हाच त्याचा सर्वात अचूक अनुवाद आहे.

```
44
00:12:15,300 --> 00:12:16,400
We'll see.

45
00:12:17,000 --> 00:12:18,200
So that's a no.
```

पहिली ओळ दहा अक्षरांची. दुसरीचं बजेट वीस, ती त्याच्या बरीच आत बसते. करीमचं वाक्य प्रत्यक्षात पाऊण सेकंदाहून कमी वेळात संपतं, म्हणून मी ते शांततेत थोडं वाढवलं. दोन पात्रांची बोलणी एकाच सबटायटलमध्ये, प्रत्येक ओळीआधी आडवी रेघ देऊन, टाकण्याची पद्धत आहे आणि घाईच्या भांडणात तिचा फार उपयोग होतो. इथे ती वापरू नका. दोन्ही ओळी एकदम दिसल्या तर वडील तोंड उघडण्याआधीच प्रेक्षकानं त्यांचं उत्तर वाचलेलं असेल आणि मधली ती अर्ध्या सेकंदाची शांतता वाया जाईल. विनोदाची किंवा धक्क्याची ओळ नेहमी तिच्या बोलणाऱ्याच्या ओठांसोबतच यावी.

‘यअनी’बद्दल आणखी एक. हा शब्द अरबी बोलण्यात आपल्या ‘म्हणजे’सारखाच पावलोपावली येतो आणि दहातल्या नऊ वेळा तो बिनदिक्कत गाळायचा असतो. इथे मात्र ती दहावी वेळ आहे. ‘यअनी’ काढला तर वडील नुसतं ‘नाही’ म्हणतील, आणि कुणाला, कशाला नाही ते कळणार नाही. गाळायच्या शब्दांची यादी पाठ करून हे काम होत नाही, ते यामुळेच.

देवाचं नाव कधी ठेवायचं

वरच्या प्रसंगात मी देवाचं नाव दर वेळी गाळलं, म्हणून ते नेहमी गाळायचं असा नियम करू नका. प्रत्येक वेळी विचारायचं ते एवढंच की वाक्य ऐकणारं पात्र त्यातून काय घेतं. ‘इन शा अल्ला’ हे पक्कं आश्वासन असू शकतं, नुसती आशा असू शकते किंवा सभ्य नकार. पुढच्या ओळीत समोरचा खूश होतो, गप्प होतो की वैतागतो, ते पाहून ठरवा. मौलवीच्या, जनाज्याच्या किंवा खरोखर प्रार्थनेच्या प्रसंगात देवाचं नाव राहायलाच हवं.

‘वन्नबी’ म्हणजे अक्षरशः ‘पैगंबरांची आण’, पण कैरोच्या रस्त्यात कुणी ‘वन्नबी’ म्हणून पाणी मागतं तेव्हा ते ‘जरा’, ‘प्लीज’ एवढंच असतं. ‘हराम अलेक’मध्ये ‘हराम’ दिसला की नवखे लोक धर्मात निषिद्ध असा अर्थ घालतात. बोलीत त्याचा अर्थ ‘काही दया-माया आहे की नाही’ असा होतो.

शपथांमध्ये सर्वात जड म्हणजे ‘अलय्या इत्तलाक’. ‘हे झालं नाही तर माझा तलाक लागू होवो’ अशी ही नवऱ्यानं घ्यायची शपथ आहे. इजिप्शियन सिनेमात ती पाहुण्याला जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही म्हणतानाही ऐकू येते आणि तेव्हा साध्या आग्रहाची ओळ पुरते. पण समजा बायको दाराआड उभी आहे, किंवा पुढे हीच शपथ मोडल्यावरून घरात वादळ होणार आहे, तर तिचं वजन ओळीत यायलाच हवं. दीड सेकंदात पंचवीस अक्षरं मिळतात, आणि तेवढ्यात ती बसते:

```
I swear on my marriage!
```

अक्षरं २३. सिनेमा आधी सलग पाहायला सांगितलं होतं ते यासाठीच. कुठली शपथ पुढे कामाला येणार आहे हे चौथ्या मिनिटाला कळत नाही.

हाका आणि ‘तू’

अरबी बोलण्यात ‘या’ लावून हाक मारल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही: या बाशा, या बेह, या उस्ताज, या हग्ग, या उस्ता. पाशा आणि बे या पदव्या इजिप्तमध्ये १९५२ च्या क्रांतीनंतर अधिकृतपणे रद्द झाल्या, पण रस्त्यावरच्या बोलण्यात त्या आजही आदर दाखवायला किंवा खुशामतीला वापरतात. ‘हग्ग’ म्हणवला जाणारा म्हातारा हजला गेलेला असेलच असं नाही. ‘उस्ता’ ही ड्रायव्हर, मेकॅनिक अशा हातात कसब असलेल्या माणसाला मारायची हाक. यातल्या बहुतेक हाका जागेअभावी जातात आणि जाऊ द्याव्यात. मात्र पोलिस अधिकारी सुरुवातीला एखाद्याला ‘या उस्ताज’ म्हणत होता आणि चौकशीच्या मध्यावर ‘या इब्नी’, म्हणजे ‘पोरा’, म्हणायला लागला, तर तो बदल ही घटना आहे. अशा वेळी आधीची आदराची हाक मुद्दाम ठेवावी लागते, नाहीतर नंतरची घसरण दिसणार कशी?

एक हाक फसवी आहे. शाम प्रदेशात आई स्वतःच्या लेकरालाच ‘मामा’ म्हणते आणि वडील ‘बाबा’ म्हणतात, लाडानं. प्रेक्षकाला ‘मामा’ ऐकू येतं, म्हणून वर सांगितलेल्या नियमानं ओळीतही ‘मामा’ लिहिलं, तर बोलतंय कोण याचाच गोंधळ उडतो. इथे ऐकलेलं सोडून द्या आणि लाडाचा एखादा साधा इंग्रजी शब्द घाला.

अरबीत ‘तू’ पुरुषासाठी आणि बाईसाठी वेगळा, इन्ता आणि इन्ती. इंग्रजीत दोन्ही एकच. मराठीत आपण ‘कुठे आहेस’मध्ये हा भेद गमावतो आणि ‘कुठे गेलीस’मध्ये तो परत मिळवतो, इंग्रजीला दोन्हीकडे तो नाही. नव्वद टक्के वेळा याचं काही अडत नाही. पण नवरा फोनवर हळू आवाजात ‘इन्ती फेन?’, तू कुठे आहेस, असं विचारतो आणि स्वयंपाकघरात बायकोचा हात थांबतो, तेव्हा सगळं त्या ‘इन्ती’तच असतं. आधी पुढची ओळ पाहा. बायकोनं ‘कोण आहे ती?’ विचारलं तर काम आपोआप झालं. ती काहीच बोलत नसेल, तर नवऱ्याच्या ओळीत प्रेयसीला म्हणतात तसा एक शब्द घालणं भाग आहे:

```
Where are you, honey?
```

हा शब्द मुळात नाही, पण त्या ‘इन्ती’चं काम इथे दुसरं कोणी करू शकत नाही.

तपासणी

पूर्ण झालेला मसुदा एक रात्र बाजूला ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तीन वेळा पाहा. पहिल्यांदा आवाजासह, फक्त ताल बघत: ओळ बोलण्याआधी येते का, कटवर रेंगाळते का. दुसऱ्यांदा आवाज बंद करून, नुसतं वाचत. इंग्रजीतला संवाद स्वतःच्या पायावर उभा राहतो का हे आवाज चालू असताना कळत नाही, कारण अरबी जाणणारा कान मधल्या फटी नकळत बुजवत असतो. तिसऱ्यांदा अरबी अजिबात न येणाऱ्या माणसासोबत बसा आणि पडद्याकडे न पाहता त्याच्याकडे पाहा. तो जिथे भुवया आकसतो किंवा मागे नेऊन पुन्हा पाहतो त्या वेळा लिहून ठेवा. ‘समजलं का?’ असं विचारू नका, लोक हो म्हणतात. ‘बाप का चिडला?’ असं विचारा.

वाचनाचा वेग तांबड्या रंगात दिसणाऱ्या ओळी शेवटी उरतातच. त्यातल्या एखाद्या ओळीत अठरा-एकोणीसचा वेग काही नियमावल्या चालवून घेतात, पण लागोपाठ चार ओळी तशा आल्या तर प्रेक्षक चित्र पाहायचं सोडून देतो. अशा ठिकाणी एक ओळ आणखी कापा, किंवा दोन छोट्या ओळी जोडून एक करा म्हणजे मधल्या फ्रेम्सही वाचनाला मिळतात.

फाइल देण्याआधी ती अगदी त्याच व्हिडिओवर चालवून पाहा ज्यावर ती दाखवली जाणार आहे. ओळी पहिल्यापासून शेवटपर्यंत सारख्याच अंतरानं पुढे किंवा मागे असतील तर सुरुवातीला काही सेकंदांचा फरक आहे, सगळ्या वेळा एकदम सरकवल्या की काम झालं. सुरुवातीला बरोबर आणि पुढे पुढे जास्त चुकत असतील तर व्हिडिओचा फ्रेम-वेग वेगळा आहे. सेकंदाला २४ फ्रेमची १०० मिनिटांची फिल्म २५ फ्रेमवर चालवली की ९६ मिनिटांत संपते, म्हणजे शेवटच्या प्रसंगात तुमच्या ओळी चार मिनिटं उशिरा येतील. ओळी हातानं सरकवत बसू नका. सबटायटल एडिटमध्ये फ्रेम-वेग बदलण्याची सोय आहे, तिथे २४ चे २५ करा, आणि मग काठावरच्या ओळी मात्र पुन्हा एकेक करून पाहा, कारण वेळा चार टक्क्यांनी आखडल्यावर त्यांतली एखादी मर्यादेबाहेर गेलेली असते. आपली ४३ क्रमांकाची ३० अक्षरांची ओळ अशीच सुमारे १.७३ सेकंदांवर येते आणि वेग सतराच्या वर जातो. तिथे ओळ पुढच्या शांततेत दोन-तीन फ्रेम वाढवली की ती परत बसते.